हाफ उडतो

मला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. लहानपणापासून येत नाही. आई म्हणायची, हिला देवाने जीभ दिली आणि ब्रेक द्यायला विसरला. आई देव मानत नव्हती, आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, पण माझ्या जिभेचा विषय निघाला की तिला देव आठवायचा. आता मी बदलापूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि वर्गात ही खोड गुण म्हणून खपते. मॅडमना सगळं येतं, असं पोरं म्हणतात. म्हणोत बापडी.

मला येत नव्हतं अशी एकच गोष्ट सांगते. ती सांगायला मला सतरा वर्षं लागली, आणि जिला सांगायची होती ती पाच किलोमीटरवर राहत होती.

आम्ही अंबरनाथला, बुवापाड्यात राहायचो. विहाराच्या मागच्या खोलीत वस्तीतल्या लोकांनी अभ्यासिका काढली होती. लांब बाकं, चार पंखे, त्यातला एक फक्त आवाजाला. 'मोबाईल बंद ठेवा, तोंड बंद ठेवा' अशी पाटी, आणि त्यातलं दुसरं मला उद्देशून आहे असं सगळे म्हणायचे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून माझी मैत्रीण तिथे येऊ लागली. ती पालेगावची, आगरी घरातली. वडिलांचा विटा-रेती पुरवायचा धंदा. पालेगावात तेव्हा बिल्डिंगा नुकत्या उगवत होत्या आणि घरात दिवसभर ट्रकवाले, मुकादम, फोन. अभ्यासाला जागा म्हणून नाही. एक दिवस कॉलेज सुटल्यावर मीच तिला ओढून आणलं. तिच्या नात्यातल्या कुणीतरी म्हणे विचारलं, त्यांच्यात जाऊन बसतेस का आता? तिने घरी सांगितलं, पंखा चांगला आहे. बस, एवढंच. भांडण नाही, भाषण नाही. ती तशीच होती.

आम्ही दोघी म्हणजे उलटसुलट. मी आधी बोलायची आणि मग विचार करायची, तोही केलाच तर. ती गणित सोडवून उत्तर आलं तरी दोन मिनिटं त्याच्याकडे नुसती बघत बसायची. मी म्हणायची, अगं आलं ना, पुढे चल. ती म्हणायची, आलं, पण का आलं?

तिच्या त्या 'का'ची मला आज फार आठवण येते. वर्गात साठ पोरं असतात आणि साठांनाही 'किती मार्काला' एवढंच हवं असतं. अशा वेळी शेजारच्या बाकावर ती असावी असं वाटतं, पेन ओठाला लावून, कपाळाला एक आठी. इतकं वाटतं की एकदोनदा फळ्याकडून मागे वळून बघितलं आहे.

तिसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी एका मोठ्या संस्थेच्या एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा द्यायची ठरवली. तिथे राहायची सोय होती आणि विद्यावेतनही मिळायचं. माझ्या घरी प्रश्नच नव्हता. वडील फॅक्टरीत फिटर, त्यांचं म्हणणं, शीक ग तू, जेवढी शिकशील तेवढी शीक. तिच्या घरी मात्र वडिलांनी एकच वाक्य सांगितलं होतं: तिथे नंबर लागला तर जा, मी अडवणार नाही, नाही लागला तर मग इथेच काय ती नोकरी बघ. माणूस वाईट नव्हता. शिकण्याचा त्यांना अंदाज नव्हता, एवढंच. तिला बाकी काही नको होतं. ती मला म्हणायची, आपण दोघी एका खोलीत राहू, तू बडबड कर, मी गणितं सोडवीन. मी म्हणायची, भात पण तूच लाव.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही अभ्यासिकेत होतो. ती एका गणितावर अडली होती. गणित ऐकायला सोपं आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच आहे, म्हणून इथे सांगते.

इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचा भार पसरलेलं एक पोकळ, पातळ कवच, आमच्या भाषेत शेल, आहे असं समजायचं. चेंडूसारखं, आत काही नाही. त्या भाराचं विद्युतक्षेत्र कवचाच्या बाहेर सगळीकडे पसरलेलं असतं आणि त्या क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. कवच जितकं लहान, तितकी ही ऊर्जा जास्त. आता असं धरायचं की इलेक्ट्रॉनची जी काही विश्रांत ऊर्जा आहे, म्हणजे नुसतं वस्तुमान असल्याची, एमसी स्क्वेअरवाली, ती सगळीच्या सगळी या क्षेत्राचीच आहे. दोन्ही बाजू समान मांडायच्या आणि कवचाची त्रिज्या काढायची. झालं. खरा इलेक्ट्रॉन असा चेंडू आहे असं कुणी म्हणत नाही, पण हिशोबाने एक लांबी निघते, आणि ती फिजिक्समध्ये जागोजागी भेटते.

तिने रीतसर केलं. बाहेरच्या क्षेत्राची ऊर्जा कवचाच्या पृष्ठापासून अनंतापर्यंत बेरीज करत नेली. आत क्षेत्र शून्य, तिथली ऊर्जा शून्य. उत्तर आलं १.४ फर्मी. फर्मी म्हणजे अणूच्या गाभ्याची मापं घ्यायची ती इवलीशी पट्टी. आणि पुस्तकाच्या मागे स्थिरांकांचा तक्ता असतो, त्यात 'इलेक्ट्रॉनची अभिजात त्रिज्या' म्हणून छापलं होतं २.८२.

"बरोब्बर हाफ येतंय," ती म्हणाली. "माझा हाफ कुठून आला?"

मी माझ्या वहीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही. म्हटलं, तक्त्यात छापलंय ना, मग तुझंच चुकलंय. हाफ उडतो.

"का उडतो?"

आता बघा. इथे मला म्हणता आलं असतं की माहीत नाही गं, बघूया. पण नाही. माझ्या तोंडून कारण बाहेर पडलं, आणि कसं गुळगुळीत कारण! म्हटलं, अगं, ऊर्जेत हाफ कशाला घेतात? दोन भारांची जोडी दोनदा मोजली जाऊ नये म्हणून. इथे एकच इलेक्ट्रॉन आहे. एकटा जीव. जोडीच नाही, तर हाफ कशाला?

ऐकायला किती छान वाटतं. तद्दन चूक आहे. इलेक्ट्रॉन एकच असला तरी तो कवचावर पसरलेला धरलाय, आणि त्या कवचाचे तुकडे एकमेकांना ढकलतातच, त्यांच्या जोड्या आहेतच. हाफ तिथून येतो, आणि तो कुठेही उडत नाही.

ती हळूच म्हणाली, पण विटांचा थर लावताना पहिली वीट जमिनीवरच असते ना, उचलावी लागत नाही. शेवटची पूर्ण उंचीवर न्यावी लागते. सरासरी अर्धीच उंची पडते. भार पण तसाच थोडा थोडा आणून ठेवायचा, पहिल्याला कुणी अडवत नाही. मग हाफ राहायला पाहिजे. तिने ते इतकं नीट सांगितलं की आज मी वर्गात तसंच सांगते. त्या दिवशी मी काय म्हणाले? म्हणाले, विटा राहू दे पालेगावात, उद्या पेपर आहे. तिला हसू आलं. तिने समासात लिहिलं, 'हाफ उडतो', आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सेंटर उल्हासनगरच्या एका कॉलेजात होतं. पर्यायी प्रश्न, पेन्सिलीने गोल काळे करायचे, चुकलं तर गुण कापणार. आणि तेविसावा प्रश्न तोच. पातळ गोलीय कवच, भार पृष्ठावर सारखा पसरलेला, क्षेत्राची ऊर्जा विश्रांत ऊर्जेइतकी, त्रिज्या किती? पर्याय होते १.४, १.७, २.८ आणि ५.६.

मी २.८ वर पेन्सिल नेली. मग १.७ दिसलं आणि थांबले. हे कुठून काढलं यांनी? कवचाऐवजी भरीव गोळा धरला तर हाफच्या जागी तीन पंचमांश येतात आणि १.७ होतं. म्हणजे पेपर काढणाऱ्याला नेमकं हेच विचारायचं होतं की तुम्ही आकडा पाठ केलाय की गणित केलंय. वेळ होता. कच्च्या पानावर बेरीज मांडली. भाराच्या १.४४ ला विश्रांत ऊर्जेच्या ०.५११ ने भागलं की २.८२, आणि पुढे तो हाफ. दगडासारखा तिथेच. १.४१. मी १.४ चा गोल काळा केला, आणि तेव्हाच आठवलं की दोन वर्ग सोडून पलीकडे ती बसली आहे, वहीच्या समासात माझं वाक्य घेऊन.

तेवढ्या वेळात मी काय करणार होते? काहीच करता येण्यासारखं नव्हतं. त्याबद्दल मी स्वतःला कधीच दोष दिला नाही. दोष पुढचा आहे.

पेपर सुटल्यावर आम्ही कॉलेजसमोरच्या सिंधी काकांच्या गाडीवर दालपकवान खाल्लं. तिचा चेहरा उजळलेला होता, पेपर चांगला गेला होता. एकेक प्रश्न आठवत होतो. ती मध्येच थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "ते शेलवालं २.८ ना?"

माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली. हो.

का हलवली? सतरा वर्षं विचारतेय स्वतःला. कधी म्हणते, तिचा आनंदाचा दिवस होता, कशाला नासवायचा. खोटं आहे. खरं एवढंच की काल शहाणपणा शिकवला आणि आज स्वतः वेगळं लिहून आले, हे सांगायची मला लाज वाटली. घास गिळला, पुढचा प्रश्न काढला. तिने मग त्या प्रश्नाचं नाव काढलं नाही. तीही जरा गप्पच झाली, पण ती गप्प असायचीच, मला त्यात विशेष वाटलं नाही.

यादी लागली ती सायबर कॅफेत दोघींनी मिळून बघितली. माझं नाव होतं, खालून चौथं. तिचं प्रतीक्षा यादीत, पहिलं. एका प्रश्नाचा फरक, आणि कापलेला गुण धरला तर तेवढाही नाही. ती म्हणाली, अगं, लागला तुझा! आणि मला मिठी मारली. मनापासून. मला त्या मिठीत मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी मूग गिळून गप्प राहिले. प्रतीक्षा यादी हलेल, हलेल, असं आम्ही महिनाभर म्हणत राहिलो. ती हलली नाही. पुढल्या वर्षी परत दे, मी तुझ्या वडिलांशी बोलते, असं मी हजारदा म्हटलं. ती नको म्हणायची. का नको ते सांगायची नाही. त्याच पावसाळ्यात तिने अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी धरली. सॅम्पल तपासायचं, आकडा लिहायचा, सही करायची.

मी गेले. खोली मिळाली, खोलीत दुसरी मुलगी मिळाली. चांगली होती बिचारी, मीच तिच्याशी कधी नीट वागले नाही. कधी गणित अडलं की मी मोठ्याने म्हणायची, 'का उडतो?' आणि तिला वाटायचं मी पंख्याबद्दल बोलतेय. पहिल्या वर्षी मैत्रिणीला मी फोन करायची. मग तिच्या शिफ्टा, माझे पेपर. मग नुसते वाढदिवस. नंतर तेही व्हॉट्सॲपवर, केकचं चित्र. मी परत आले, बदलापूरला नोकरी लागली, फ्लॅट घेतला, तरी पालेगावला गेले नाही. रस्ता ठाऊक होता. तोंड नव्हतं.

या वर्षी जुलैत मी तिसऱ्या वर्षाला तेच गणित शिकवत होते. शेवटच्या ओळीला हाफ लिहिला आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, हुशार, चुणचुणीत, कुणी विचारायच्या आधी उत्तर देणारी, म्हणाली, "मॅडम, पण एकच इलेक्ट्रॉन है ना, पेअरच नाहीये, मग हाफ कशाला?"

माझा खडू थांबला. तोच सूर, तोच आत्मविश्वास. तिच्या शेजारी बसलेल्या मुलीने ते ऐकून आपल्या वहीतला हाफ खोडायला पेन उचललंही होतं. मी इतक्या जोरात 'थांब' म्हटलं की अख्खा वर्ग दचकला. मग विटांचं सांगितलं. सांगताना आवाज कापला, आणि पोरांना वाटलं मॅडमना सर्दी झालीय.

त्या रविवारी मी पालेगावला गेले. जिथे त्यांचं घर आणि विटांचे ढीग होते तिथे आता सोळा मजले उभे आहेत, आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये ते लोक राहतात. दार तिच्या आईने उघडलं. चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगो, कवरी बारीक झालीस गो." इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य ते. मला रडूच येणार होतं.

ती आतून आली. केसांत पांढरं आलं होतं, बाकी तीच. लॅबची आता इनचार्ज झाली होती. आईने चहा दिला, वडील गेल्याचं सांगितलं, मला माहीत होतं आणि मी तेव्हाही आले नव्हते. आई शेजारी गेल्यावर मी कप खाली ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. समासातलं वाक्य चूक होतं. हॉलमध्ये मी ते गणित केलं, हाफ राहिला, मी १.४ केलं. बाहेर तू विचारलंस आणि मी खोटी मान हलवली. तुझी सीट माझ्यामुळे गेली.

तिने विचारलं ते काय, तर तक्त्यात अजून २.८च छापतात ना?

छापतात, मी म्हटलं. कारण भार कवचावर धरला तर हाफ येतो, भरीव गोळा धरला तर तीन पंचमांश, आणि इलेक्ट्रॉन आतून कसा आहे ते कुणालाच माहीत नाही. म्हणून पुढचा तो आकडाच सोडून देतात आणि उरते त्या लांबीला अभिजात त्रिज्या म्हणतात. ठरवून घेतलेलं नाव आहे ते. कवचाचं उत्तर नाही.

"मग म्हणजे दोन्ही चालतं," ती म्हणाली. मला सोडवायलाच म्हणाली, मला कळलं. इतकी वर्षं गेल्यावरही तीच मला सोडवत होती.

आणि मला किती मोह झाला सांगू, हो म्हणायचा.

"नाही चालत," मी म्हटलं. "प्रश्नात शेल लिहिलं होतं. तुझं बरोबर होतं. विटांचं पण बरोबर होतं. सगळं तुझं बरोबर होतं."

तिने खिडकीकडे बघितलं. मग सावकाश, जसं गणित सांगायची तसं, एकेक पायरी सांगितलं. हॉलमध्ये तिने परत ते करून बघितलं होतं. १.४ आलं होतं. १.४ चा गोल काळाही केला होता. मग माझं वाक्य आठवलं, रबर घेतलं, पुसला आणि २.८ केला.

"बाहेर आल्यावर तुला विचारलं ना," ती म्हणाली, "तर मला वाटलेलं तू म्हणशील, नाही गं, १.४. मार्क जायचा तो गेलाच होता. पण मला कळलं असतं की मला जमतं. तू हो म्हणालीस. मला वाटलं, आपण दोनदा केलं आणि दोन्ही वेळा चुकलं. आपल्याला हे येतच नाही. म्हणून परत दिली नाही परीक्षा."

तिची दुसरी शिफ्ट होती. तिने डबा पिशवीत ठेवला, ओळखपत्र गळ्यात घातलं, आणि मी तिच्यासोबत खाली गेटपर्यंत गेले. कंपनीची बस उभी होती. बसमध्ये चढताना तिने मागे वळून विचारलं, "नक्की बरोबर होतं ना?"

"नक्की," मी म्हटलं. बस गेली. मी तिथेच उभी होते.